पावणेतीन रुपयांचा फरक

तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि मराठी सातवीच्या परीक्षेत गणितात पहिली आलेली होते. ही दुसरी गोष्ट मी लग्नानंतरही कुणाला विसरू दिली नाही. भाजीवाल्याला नाही, दूधवाल्याला नाही, नवऱ्याला तर नाहीच. आज त्या मुलीला समोर बसवता आलं असतं तर मी तिला म्हटलं असतं, बाई, जरा पदर नीट घे आणि तोंड मीट. पण ती ऐकणारी नव्हती.

आम्ही जबलपूरला घमापुरात दोन खोल्यांत राहत होतो. एक खोली पुढे, एक मागे, मागच्या खोलीला लागून चुलीची जागा, नळ अंगणात आणि तो चौघांचा. भाडं महिना चौदा रुपये. आमचे हे कारखान्यात कारकून, पगार पंच्याहत्तर. प्रांताला अजून मध्यप्रांत म्हणत, आणि माझ्या माहेरच्यांना वाटे की जबलपूर म्हणजे त्या प्रांताचं टोक, तिथून पुढे माणसं मराठी बोलत नसतील. त्यांचं फारसं चुकत नव्हतं. अंगणात सगळी हिंदी. घरात सासूबाई यवतमाळकडचं बोलत आणि मी माझं शुद्ध बोले, म्हणजे मला तसं वाटे.

त्या उन्हाळ्यात माझी पहिली मुलगी झाली आणि बारशाच्या आधीच गेली. तिला नाव नव्हतं. त्यामुळे तिच्याबद्दल बोलायचं कसं, हेही कुणाला कळेना. ‘ती’ म्हटलं तर कुठली, असा प्रश्न यायचा. हे टांगा करून तिला नर्मदेवर ग्वारीघाटला घेऊन गेले, संध्याकाळी परत आले, अंगणात पाय धुतले आणि आत येऊन बसले. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. मी रडलेही नाही. अंगणातल्या बायकांना ते बरं दिसलं नाही. घरमालकीण दोनदा येऊन म्हणाली, "रो ले बहू, रो लेने से हल्का होता है." मी हो म्हटलं आणि तांदूळ निवडत बसले. तांदूळ निवडून झाले की पुन्हा तेच निवडायचे.

मला दुःख होतं की नव्हतं, ते मला आजही सांगता येणार नाही. हाताला मुंग्या आल्यावर हात आपलाच असतो, पण चिमटा काढला तरी कळत नाही, तसं होतं. मी मागच्या खोलीत बसे. बाळंतपण तिथेच झालं होतं. भिंतीला शेकशेगडीच्या धुराचा एक डाग पडला होता. मी तो पुसत नसे.

त्याच सुमारास कारखान्यातल्या आणि कचेऱ्यांतल्या काही बाबूंनी मिळून घरबांधणीची सहकारी सोसायटी काढली. मदनमहालच्या बाजूला सरकारी नझूल जमिनीचे तुकडे पट्ट्यानं मिळणार होते. जागा, दोन खोल्या, स्वयंपाकघर, ओसरी, कवेलूचं म्हणजे कौलांचं छप्पर, सगळं मिळून तीन हजार रुपये. त्यातले सहाशे आपले, उरलेले चोवीसशे सोसायटी कर्ज देणार, पंधरा वर्षांत फेडायचे. व्याज शेकडा सहा. महिन्याचा हप्ता वीस रुपये चार आणे.

यांनी हे रविवारी जेवताना सांगितलं. सासऱ्यांच्या मागे उरलेले सहाशे पोस्टात होतेच. "चौदा भाडं देऊनच राहिलो," ते म्हणाले, "वर सव्वासहा टाकले की घर आपलं."

सासूबाई लगेच तयार. त्यांच्या मते ती मागची खोलीच अपशकुनी होती आणि तिच्यात दुसरं बाळंतपण त्या होऊ देणार नव्हत्या. मी वाढत होते. कुणी मला विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? की मला त्या डागासमोर बसायचंय? असं कोणी बोलतं का. मग मी काय केलं, तर मी हिशेब काढला. माझ्याकडे तेवढंच होतं.

पण त्याआधी एक गंमत झाली, आणि ती माझ्या फायद्याची होती.

सासूबाई व्यापाऱ्याच्या घरच्या. त्यांच्या माहेरी कापसावर पैसे दिले-घेतले जात, आणि तिथे शेकडा म्हणजे महिन्याचा शेकडा. शेकडा एक म्हणजे शंभराला महिन्याला एक रुपया. शेकडा दोन घेणाऱ्याला लोक मागून शिव्या देत. हे नोकरीवाले, शाळेत शिकलेले. त्यांच्या पुस्तकात व्याजाचा दर नेहमी वर्षाचा, दरसाल दरशेकडा. आम्ही वहीत ‘द. सा. द. शे.’ लिहायचो आणि घाईत त्याला दसादशे म्हणायचो. यांनी जेवताना नुसतं ‘शेकडा सहा’ म्हटलं. दरसाल हा शब्द त्यांनी वरणाबरोबर गिळला.

सासूबाई दोन दिवस गुपचूप बोटांवर काहीतरी मोजत. तिसऱ्या दिवशी यांना चहा देताना त्या म्हणाल्या, "तुले पगार किती हाय रे?"

"पंच्याहत्तर. काहून?"

"अन् नुसतं व्याजच एकशे चव्वेचाळीस. मुद्दल वेगळं. तुले कोणी काही खाऊ घातलं काय?"

यांना कळेना. ते म्हणाले, हप्ता वीस रुपये चार आणे आहे, एकशे चव्वेचाळीस कुठून आले. सासूबाई म्हणाल्या, तेच तर, सावकार आधी थोडंच सांगते, मागून घर उचलून नेते. माझ्या मावशीच्या दिराचं असंच गेलं. हे चिडले आणि कामावर गेले.

मी तिथेच चूल फुंकत होते. चूक कुठे आहे, ते मला सासूबाईंनी आकडा म्हणताक्षणी कळलं. चोवीसशेचे सहा शेकडा एकशे चव्वेचाळीस, ते वर्षाचे, महिन्याचे बारा. गणितात पहिली आलेली होते ना. आणि मी गप्प बसले. चूल पेटलेली असताना आणखी फुंकत बसले. सासूबाई आता घराच्या विरुद्ध होत्या आणि मला त्या तशाच हव्या होत्या. एवढंच नाही, दुपारी त्या मला म्हणाल्या, "तू तर शिकलेली, तूच सांग, सहा म्हणजे लई झालं का नाही?" तर मी म्हटलं, "हो ना आई, सहा म्हणजे जास्तच." खोटं नव्हतं बोलले. कशाचे सहा ते त्यांनी विचारलं नाही.

आठवडाभर घरात घराचं नाव निघालं नाही. त्या आठवड्यात मी माझा हिशेब पक्का केला. तो अजून मला तोंडपाठ आहे. देवाची स्तोत्रं विसरले, हा नाही.

हप्ता वीस रुपये चार आणे. म्युनिसिपालिटीचा कर, वर्षाचे नऊ, म्हणजे महिना बारा आणे. नझूलचं जमीनभाडं आठ आणे. दरवर्षी पावसाआधी कवेलू फेरायचे, चुना लावायचा, दार-खिडकी बघायची; भाड्याच्या घरात ते मालक करतो, आपल्या घरात आपण, त्याचे सरासरी महिना दोन रुपये. पोस्टातले सहाशे काढले की त्यांच्यावरचं तीन टक्के व्याज गेलं, वर्षाचे अठरा, महिना दीड रुपया. हा शेवटचा आकडा सुचला तेव्हा मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी उठून पाणी प्यायले. सगळं मिळून पंचवीस रुपये. भाडं चौदा. फरक सव्वासहाचा नाही, अकराचा.

पंधरा वर्षांत घरापायी चार हजार पाचशे, भाड्यापायी दोन हजार पाचशे वीस. दर महिन्याचे ते अकरा पोस्टात टाकत गेलं तर व्याजासकट अडीच हजारांच्या घरात जातात, वर आपले सहाशे जागच्या जागी. म्हणजे पंधरा वर्षांनी हातात एकतीसशे रोख, आणि तिकडे तीन हजारांचं घर. शंभर रुपयांनी मी जिंकले होते.

आता त्या वीस वर्षांच्या मुलीकडे बघा. पंच्याहत्तर रुपयांच्या घरात दर महिन्याला अकरा रुपये बाजूला काढणार कोण, तर ती, जिला डबीतले चार आणे आठवडाभर टिकवता येत नसत. आणि भाडं पंधरा वर्षं चौदाच. जसा काही घरमालक तिचा मावसभाऊ होता. दोन वर्षांपूर्वी तेच भाडं बारा होतं, हे तिला माहीत होतं. तिनं ते हिशेबात घेतलं नाही, कारण घेतलं तर ती हरत होती.

रविवारी सोसायटीचे सेक्रेटरी आमच्याकडे आले. कोर्टातून पेन्शनीत निघालेले वयस्क मराठी गृहस्थ, हातात छत्री, बोलणं सावकाश. जागांची वाटणी महिनाअखेर नक्की करायची होती आणि आमचं हो-नाही बाकी होतं. सासूबाईंनी त्यांना पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि सरळ विचारलं की तुम्ही भल्या घरचे दिसता, मग गरिबाला शेकडा सहा लावता कसे.

ते म्हणाले, "बाई, सालाचे सहा."

सासूबाईंना ऐकू आलं नाही असं आधी वाटलं. मग त्या म्हणाल्या, "सालाचे?"

"दरसाल दरशेकडा. तुमच्या भाषेत महिन्याचे आठ आणे शेकडा."

"आठ आणे," सासूबाई म्हणाल्या. "मंग फुकटच देऊन राहिले की. असं काहून नाही सांगत रे हा पोरगा." आणि वळून माझ्याकडे बघितलं. मी दाराआड उभी होते. त्यांनी बराच वेळ बघितलं. त्या व्यापाऱ्याच्या घरच्या होत्या, आणि मी गणितात पहिली आल्याचं मीच त्यांना शंभरदा ऐकवलं होतं.

मग माझा हिशेब पुढे करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी दाराआडूनच बोलले. पंचवीस विरुद्ध चौदा, कवेलूपासून पोस्टाच्या व्याजापर्यंत. यांनी मान खाली घातली. सेक्रेटरींनी ते सगळं नीट ऐकलं, एक-दोन आकडे पुन्हा विचारले, मग म्हणाले, बेरीज बरोबर आहे सूनबाई, पोस्टाचं व्याज तर आमच्या बाबूंपैकी एकानंही धरलं नव्हतं. मी फुलले.

"पण ते पंचवीस रुपये सगळे घराबाहेर जात नाहीत," ते म्हणाले.

त्यांनी पिशवीतून छापलेला तक्ता काढला. पहिल्या महिन्याच्या वीस रुपये चार आण्यांत व्याज बारा रुपये, आणि आठ रुपये चार आणे मुद्दलाची फेड. बारा गेले, ते भाड्यासारखेच गेले. पण आठ-चार तुमच्याच भिंतीत गेले. मग खरंच गेलेलं किती ते बघा, ते म्हणाले. बारा व्याज, बारा आणे कर, आठ आणे जमीनभाडं, दोन डागडुजी, दीड पोस्टाचं बुडालेलं. सोळा रुपये बारा आणे. भाडं चौदा. पहिल्या वर्षी फरक पावणेतीन रुपयांचा. आणि मुद्दल कमी होईल तसं व्याज उतरत जातं. आठव्या वर्षी ते साडेसातच्या खाली येतं. तिथवर पोचायच्या आधीच घर भाड्यापेक्षा स्वस्त झालेलं असतं. भाडं तर कधी उतरलेलं मी पाहिलं नाही, ते म्हणाले.

एवढं सांगून त्यांनी सावधही केलं. खिशातून मात्र दर महिन्याला जास्त जाणार ते जाणारच, ते म्हणाले, पगार थांबला तर सोसायटी थांबत नाही, आणि घराला गिऱ्हाईक लागेलच असंही नाही. तेव्हा विचार करा. छत्री घेऊन ते गेले.

सासूबाई मागे तुळशीला पाणी घालायला निघून गेल्या. मला वाटतं मुद्दाम. आम्ही दोघं पुढच्या खोलीत. दुपार होती, अंगणात नळावर भांडी वाजत होती.

हे म्हणाले, "आता काय करायचं?"

मी म्हटलं, "पावणेतीन तर पावणेतीन. तेवढेसुद्धा काहून द्यायचे?"

माझ्या तोंडून ‘काहून’ गेलं. माझं शुद्ध मराठी तिथेच संपलं.

ते म्हणाले, "तू पैशासाठी नाही बोलून राहिली."

मी म्हटलं, "नाही."

"मग?"

"इथे ती होती. तिकडे ती नसेल."

हे वाक्य असं सरळ बाहेर आलं, चौदा न् पावणेतीनच्याच आवाजात. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पायाच्या नखाने जमिनीचं सारवण खरवडत राहिले. मग म्हणाले, "मीपण पैशासाठी नाही बोलून राहिलो. मी कारखान्यातून येतो, तर दारात पाय ठेवायच्या आधी पाच मिनिटं बाहेर उभा राहतो. आत यावंसं नाही वाटत. ग्वारीघाटहून आलो तेव्हापासून."

म्हणजे असं होतं. एकाच खोलीसाठी मी राहायचे हिशेब मांडत होते आणि ते जायचे. सव्वासहा त्यांचे, अकरा माझे. मला वाटलं आता तरी रडू येईल. आलं नाही. मी म्हटलं, चहा करू का. ते म्हणाले, कर.

चहा पिऊन झाल्यावर मी म्हटलं, हो सांगा सेक्रेटरींना. यांच्यासाठी म्हटलं, असं मला पुढे कितीतरी वर्षं वाटायचं आणि मी ते मिरवायचेही. आता वाटतं, तसं काही नव्हतं. दोघांपैकी एकाला तरी आपल्या घरात न थांबता शिरता यावं, एवढंच डोक्यात आलं.

पुढचं सांगून टाकते. घर बांधायला पावसाळा धरून आठ महिने लागले. तेवढा काळ उचललेल्या रकमेवर सोसायटीला व्याजही द्यायचं आणि इथे चौदा रुपये भाडंही. हा दुहेरी खर्च माझ्या हिशेबात नव्हता, यांच्याही नव्हता, तक्त्यातही नव्हता. नऊ महिने आम्ही तूप पाहिलं नाही. मग लढाई आली आणि चुना, लाकूड सगळं महागलं. कवेलू फेरायला माझे दोन रुपये कुठल्याकुठे पुरेनात. त्यात सरकारनं भाडं वाढवायला बंदी घातली, आणि घमापुरातल्या आमच्या जागी आलेलं कुटुंब सोळा रुपयांत निवांत राहिलं. तेव्हा मी यांना टोमणे मारले. मग लढाई संपली, फाळणी झाली, माणसं आली, जागेला मोल आलं, आणि तीन हजारांच्या घराला कोणी दहा देतो म्हणू लागलं. तेव्हा मी टोमणे बंद केले. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी घरात सगळ्यांना वाटलं, मी आनंदानं काही गोड करीन. मी पिठलं केलं. पंधरा वर्षं दर महिन्याला वीस रुपये चार आणे देणाऱ्या बाईला आनंदाची वेगळी सोय करावी लागते, आणि ती माझ्या लक्षात आली नाही.

पण आम्ही गेलो तेव्हाचं राहिलं.

सामान हलवलं त्या दिवशी हे मालकाकडे हिशेब चुकता करायला गेले आणि परत येऊन किल्ली त्यांनी माझ्या हातात ठेवली. म्हणाले, पुढच्या महिन्याचं भाडं देऊन आलोय. मी विचारलं, कशाला. ते म्हणाले, असू दे. हप्ता सुरू झाला होता, आणि हे चौदा रुपये वर. मी हिशेब केला नाही. माझ्या आयुष्यात मी न केलेला तो पहिला हिशेब असेल.

त्या महिन्यात मी दुपारची टांग्याने घमापुरात जात असे. सासूबाईंना सांगायची, जुन्या शेजारणीकडे जाते. त्या म्हणायच्या, जा. कुलूप काढून मागच्या खोलीत बसायची. तिथे काहीच नव्हतं. चटईसुद्धा नव्हती, नुसती जमीन आणि डाग. मी काही करत नसे. मनात काही येत नसे. तासभर बसून कुलूप लावायची. टांग्याचे पैसे यांनी कधी विचारले नाहीत.

मग एक दिवस पापड वाळत घातले होते, आणि आभाळ आलं, आणि माझं जाणं राहिलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना ताप होता. तिसऱ्या दिवशी काहीच नव्हतं, तरी मी गेले नाही.

महिना संपायला अजून थोडे दिवस होते तेव्हा मी जाऊन किल्ली घरमालकिणीला दिली. ती म्हणाली, अभी तो दिन बाकी हैं, बहू. मी म्हटलं, रहने दो, आप पुताई करवा लो. तिनं माझ्यासमोरच माणसाला हाक मारली आणि चुना भिजवायला सांगितला.

घरी आले तर हे ओसरीवर सायकल पुसत होते.

"दिली?"

"दिली."

त्यांनी सायकल भिंतीला लावली आणि दोघं आत गेलो.